दोष खाटकाचा नव्हे, उतावीळपणाचा

ओव्हनमधलं मटण चिवट निघालं की आपण पहिला बोल खाटकाला लावतो. मीही लावला आहे. पण खरं सांगू? बहुतेकदा चूक आपलीच असते.

कोकराच्या पायाची नळी म्हणजे सतत राबलेला स्नायू. त्याला बांधून ठेवणारं कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो. आतून ७० अंशांवर मांस शिजलेलं असतं, पण मऊ नसतं. ते ९० च्या आसपास जाऊन तिथं बराच वेळ राहावं लागतं.

परवा मी चार नळ्यांना, प्रत्येकी साधारण ३५० ग्रॅम, मीठ, मिरी, लसूण चोळून जाड भांड्यात ठेवलं. अर्धा कप पाणी, घट्ट झाकण, ओव्हन १५० अंश सेल्सिअसवर. दीड तासानं सुरी अडली. बायको म्हणाली, "अहो, आच वाढवा ना!" नेमकी इथंच सगळ्यांची घसरगुंडी होते. आच वाढवली की तंतू आकसून रस गळतो, वरचा भाग सुकतो, आणि कोलॅजेनला लागणारा वेळ काही मिळत नाही. मी बटणाला हात लावला नाही. तीन तासांनी चिमट्यानं हाड जरा फिरवलं, तर ते मांसातून अलगद सुटलं. मग वीस मिनिटं झाकण काढून रंग आणला.

बरगड्यांनाही हाच न्याय, मात्र अडीच तासांपासून तपासत राहा. कमरेच्या चापांना ही शिक्षा नको. त्यांत कोलॅजेन कमी, ते कोरडे पडतील.

तेव्हा खाटकाशी भांडायला जाण्यापूर्वी आधी घड्याळ बघा!