रोजनिशीच्या समासातील दोन आकडे

आपल्यापैकी पुष्कळजण रोजनिशी लिहितात. पण काही आठवड्यांनी ती वाचताना आपलीच वाक्ये आपल्याला फसवतात. मन खिन्न असले की आपण त्याचे कारण लिहून टाकतो, आणि पुढे तेच खरे वाटू लागते. म्हणून माझे असे मत आहे, की मजकुराशेजारी समासात दोन आकडे असावेत. सकाळी उठताच झोपेचे तास लिहावेत. रात्री मजकुराला हात घालण्यापूर्वी मनःस्थितीला १ ते ५ पैकी गुण द्यावेत.

समजा, एकीने तीन सोमवारी २ गुण लिहिले आणि दोष सोमवारच्या तासाला दिला. सहा आठवड्यांनी नुसता समास वाचताना दिसते, की त्या तिन्ही वेळी आदल्या रात्रीची झोप पाच तासांहून कमी होती. उरलेल्या तीन सोमवारी तोच तास झाला, पण झोप सात तासांची आणि गुण ४. संशय आता तासावरून झोपेकडे वळतो.

तरी निकाल लागला असे नव्हे. काळजीनेही झोप उडते. त्यासाठी रविवारचा गुण पाहावा. तोही उतरलेला असेल, तर मूळ झोपेच्या आधीचे आहे, आणि ते शोधायला रविवारचा मजकूरच उघडावा लागेल.