भूतकाळाचे रूप, उद्याचे काम

‘आय वुड रॅदर यू केम टुमॉरो’ हे वाक्य फळ्यावर लिहिताच वर्गात कुजबुज सुरू होते. ‘टुमॉरो’ म्हणजे उद्या, मग ‘केम’ हा भूतकाळ कोठून आला? पुष्कळ मुले ‘केम’ खोडून ‘कम’ लिहितात. बोलण्यात तसे कधी ऐकूही येते, परंतु परीक्षेत ‘केम’च अपेक्षित असते. ‘नियम पाठ करा’ एवढेच सांगून पुढे जाणे आम्हांस मान्य नाही. कारण या शंकेचे उत्तर मुलांच्या तोंडी आधीपासूनच असते.

‘तू उद्या आलास, तर बरे’ असे आपण मराठीत रोज म्हणतो. ‘आलास’ हे रूप भूतकाळाचे, पण येणे उद्याचे! आमच्या कोंकणीतही ‘तूं फाल्यां आयल्यार बरें’ असेच म्हणतात; तेथेही ‘आयलो’चाच धागा आहे. अशा ठिकाणी भूतकाळाचे रूप काळ दाखवीत नाही, अंतर दाखविते. घडून गेलेली गोष्ट आपल्यापासून दूर असते. जी अजून घडलेली नाही, केवळ इच्छेत आहे, तीही दूरच. दोन्ही दूरत्वांस भाषा एकच रूप वापरते. जुन्या इंग्रजीत इच्छा-कल्पनेसाठी क्रियापदाची वेगळी रूपे होती. प्रत्यय झिजत जाऊन ती साध्या भूतकाळात मिसळली. ‘इफ आय वेअर’मधील ‘वेअर’ हा त्यांचाच अवशेष होय.

लोंढा जंक्शनवर गाडीची वाट पाहणारा म्हणेल, ‘इट इज टाइम द ट्रेन केम’. याचा अर्थ गाडी आली असा नव्हे. ती अजून आलेलीच नाही, आणि आता यावयास हवी. अर्थाची खूण अशी, की वाक्यात ‘आता’ किंवा ‘उद्या’ घालून पाहावे. ते बसले तर भूतकाळ नुसता रूपापुरता आहे. मात्र दुसरा कर्ता नसेल, तर हे रूप येत नाही: ‘आय वुड रॅदर गो’, ‘इट इज टाइम टु गो’. आपण स्वतःच जाणार असलो, की मूळ रूप पुरे.

‘हॅड बेटर’ची गोष्ट निराळी. ‘आता घरी गेलेले बरे’ या मराठी वळणावर विसंबून मुले ‘यू हॅड बेटर गॉन’ लिहितात, किंवा मध्ये ‘टु’ घुसडतात. दोन्ही चूक. येथे दूरत्वाचे काम ‘हॅड’नेच उरकलेले आहे, म्हणून पुढे मूळ रूपच येते: ‘यू हॅड बेटर गो’. नकार हवा असल्यास ‘नॉट’ हे ‘बेटर’नंतर येते. शिवाय या सल्ल्यात ‘नाही तर पस्तावाल’ अशी धमकीही दडलेली असते. तेव्हा वडीलधाऱ्यांशी बोलताना तो न वापरलेला बरा.