स्थलांतरित उमेदवाराची विनंती

चाकणजवळच्या एका यंत्रभाग-कारखान्याच्या निवड समितीवर मी काही वर्षे बसत आलो आहे, आणि त्या अवधीत समितीपुढे आलेल्या अनेक पत्रांपैकी ज्या एका पत्राने आम्हा चौघा सभासदांत अर्धा दिवस कडाक्याचा वाद माजविला, त्या पत्राचा पक्ष मला येथे जाहीरपणे घ्यावयाचा आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई अभिकल्प-अभियंता या पदाच्या उमेदवार होत्या. निवडीच्या पाच फेऱ्यांपैकी दूरध्वनीवरील संभाषण आणि तांत्रिक मुलाखत या दोन फेऱ्या त्या पुण्यात असतानाच उरकल्या होत्या. विभागप्रमुखांची भेट, कर्मशाळेतील प्रात्यक्षिक आणि वेतनाची बोलणी अशा तीन फेऱ्या शिल्लक होत्या. इतक्यात त्यांच्या तत्कालीन मालकांनी त्यांची बदली नागपूरनजीकच्या बुटीबोरी येथील कारखान्यात केली. त्यांनी लिहिले ते असे:

“महोदय, माझी बदली झाल्यामुळे मी या महिन्याच्या ४ तारखेपासून नागपुरास राहत आहे. आपल्याकडे निवड झाल्यास पुण्यास परत येऊन रुजू होण्याचा माझा निश्चय कायम आहे. राजीनाम्यानंतर मला ६० दिवसांची मुदत पुरी करावी लागेल. उरलेल्या तीन फेऱ्यांपैकी ज्या व्हिडिओद्वारे घेणे आपणांस योग्य वाटेल त्या तशा घ्याव्यात, आणि ज्यांस प्रत्यक्ष हजेरी आवश्यक असेल त्या एकाच दिवशी ठेवाव्यात, अशी विनंती आहे. १८, १९ किंवा २५ यांपैकी कोणत्याही दिवशी मी पुण्यास येऊ शकेन. यांपैकी काहीच शक्य नसल्यास तसे कळवावे, म्हणजे मी रजेची तजवीज करीन.”

या पत्रावर पहिला आक्षेप आला तो आस्थेचा. ज्याला नोकरीची खरी निकड आहे तो तीन वेळाच काय, दहा वेळाही येईल. जो येण्यास कां-कूं करतो त्याचे मन कामात नाही, असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी मनापासून मांडले. परंतु तीन खेपांचा हिशेब मांडून पाहिला की या युक्तिवादाचा पाया सरकतो. नागपूर ते पुणे हे रेल्वेचे अंतर सुमारे ८८० किलोमीटर. रात्रीच्या गाडीने गेल्यास एका खेपेस दोन रात्री डब्यात जातात आणि मधला दिवस रजेचा होतो. तीन खेपा म्हणजे सहा रात्री, तीन रजा, आणि तिन्ही रजा मागावयाच्या त्या ज्या मालकाने नुकतीच बदली केली आहे त्याच्याकडे, तेही खरे कारण न सांगता. हे सर्व सोसण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी शिल्लक रजा आणि पैसा आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. कामाविषयीची ओढ सिद्ध होत नाही. खुद्द सरकारही प्रवासाला कसोटी मानीत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग दिल्लीस मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवारांना रेल्वेच्या खालच्या वर्गाचे का होईना, पण भाडे देतो, आणि २०२० साली गाड्या पुरत्या सुरू नव्हत्या तेव्हा त्याने एकवारची सवलत म्हणून किमान विमानभाडेही देऊ केले. देशातील अत्यंत चुरशीच्या परीक्षेत जर प्रवासाचा भार उमेदवाराच्या आस्थेचे माप ठरत नसेल, तर आमच्या कारखान्याने तो का ठरवावा?

शिवाय आस्थेचा पुरावा पत्रातच होता आणि आमच्या सहकाऱ्यांनी तो वाचला नाही, याचे मला वाईट वाटते. स्थलांतर केलेल्या उमेदवाराविषयी समितीच्या मनात जी खरी शंका असते, ती तो मुलाखतीस कसा येईल ही नसून निवड झाल्यावर तो रुजू होईल की नाही ही असते. आणि बाईंनी आपला पत्ता, स्थलांतराची तारीख व परत येण्याचा निश्चय या तिन्ही गोष्टी पहिल्या दोन वाक्यांत नोंदविल्या होत्या. याच्या उलट प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. उमेदवार गाव सोडल्याचे सांगतच नाही, मुलाखतीच्या आदल्या सायंकाळी केवळ “व्हिडिओवर घेता येईल का?” एवढी एक ओळ धाडतो, कारण विचारल्यास प्रकृतीची सबब पुढे करतो, आणि शेवटी रुजू होण्याची तारीख ठरविताना सारे उघडकीस येते. तशा उमेदवारावर समितीचा विश्वास उडाला तर दोष समितीचा नाही. परंतु जो आठ-दहा दिवस आधी सर्व खुलासा करतो, तारखा देतो आणि नकाराचाही मार्ग मोकळा ठेवतो, त्याला पहिल्याच्या पंक्तीस बसविणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप समानतेचा होता आणि तो अधिक वजनदार होता. बाकीचे तीन उमेदवार समोर येऊन बसणार, तेव्हा एकीलाच पडद्यावरून बोलू देणे ही तिच्यावरची मेहेरबानी होय, असे सांगण्यात आले. मेहेरबानी? वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. यंत्रमाध्यमातून झालेल्या मुलाखतींविषयीच्या अनेक अभ्यासांचा २०१६ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा असे दिसून आले की समोरासमोर बसलेल्यांच्या तुलनेत अशा मुलाखती देणाऱ्यांना सरासरीने कमीच गुण मिळतात. याची कारणे शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. सहज संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सामान्यतः सेकंदाचा पाचवा भाग जातो. जाळ्यावरून आवाज पोहोचण्यास तेवढाच अधिक उशीर लागला, की हजरजबाबी मनुष्यही चाचरत असल्यासारखा वाटतो, आणि दोघेही एकदम बोलू लागून एकदम थांबतात. कॅमेरा पडद्याच्या वर असल्यामुळे जो उमेदवार परीक्षकाच्या चेहऱ्याकडे आदराने पाहत असतो, तो परीक्षकाला नजर चुकवीत असल्यासारखा दिसतो. म्हणजे व्हिडिओची परवानगी मागणारा उमेदवार सवलत घेत नसून तोटा पत्करीत असतो.

मात्र यावरून व्हिडिओ नाकारावा असे निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते हे, की जी फेरी व्हिडिओवर घ्यावयाची ती सर्वच उमेदवारांची व्हिडिओवर घ्यावी. पुण्यातल्या पुण्यात राहणाऱ्यालाही त्याच पडद्यासमोर बसवावे, तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि गुण ज्या त्या परीक्षकाने लागलीच लिहून ठेवावेत. समानता साधावयाची ती माध्यमाची. प्रत्येकाला एकाच खुर्चीवर बसवून ती साधत नाही. आमच्या विभागप्रमुखांनी हा उपाय प्रथम नाखुषीने, पण अखेर पूर्णपणे मान्य केला, याची नोंद करणे मला अगत्याचे वाटते.

तिसरा आक्षेप लबाडीचा. पडद्यामागे कोण बसून उत्तरे पुरवितो, उमेदवार म्हणून बोलणारा मनुष्य तरी तोच आहे की नाही, हे कसे कळावे? हा आक्षेप मी फेटाळीत नाही. त्याचा खरा अर्थ एवढाच, की सर्व फेऱ्या व्हिडिओवर घेऊ नयेत. आणि कोणती फेरी कोठे घ्यावी हे त्या फेरीत आपण काय तपासतो यावरून ठरवावे, यापलीकडे मलाही काही म्हणावयाचे नाही. विभागप्रमुख उमेदवाराने पूर्वी केलेल्या कामाविषयी विचारतात: अमुक भाग का मोडला, त्याचे कारण कसे शोधले, धातू का बदलला. हे संभाषण आहे आणि ते दुरून होऊ शकते. ‘का’ या प्रश्नाचा पाठपुरावा तीन-चार पायऱ्या खोल नेला की उसनी उत्तरे टिकत नाहीत. प्रात्यक्षिकाची गोष्ट वेगळी. उमेदवाराच्या हाती मायक्रोमीटर देऊन दंडगोल मोजावयास सांगितला असता, तो टोकाच्या रॅचेटने हलकेच मिटवतो की नळी पिळून घट्ट आवळतो, हे डोळ्यांनी पाहावे लागते. आवळणाऱ्याचे माप खरे असते त्याहून कमी येते, आणि केवळ आकडा ऐकणाऱ्याला चूक हाताची की भागाची हे कधीच कळत नाही. ही फेरी कर्मशाळेतच झाली पाहिजे, आणि ती झाली की तोतयेगिरीची भीतीही आपोआप निकालात निघते, कारण पडद्यावर बोललेली व्यक्ती आणि यंत्रापाशी उभी असलेली व्यक्ती एकच आहे हे तेथे उघड होते.

राहिला प्रश्न एकाच दिवशी दोन फेऱ्या घेण्याचा. सकाळच्या परीक्षकाचे मत दुपारच्या परीक्षकाच्या कानी जाऊन निर्णय दूषित होतो, अशी हरकत घेण्यात आली. परंतु आपल्या लष्कराच्या अधिकारी-निवडीत उमेदवाराला तर सलग पाच दिवस एकाच ठिकाणी ठेवतात. मानसशास्त्रज्ञ, गट-परीक्षक अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे त्याला स्वतंत्रपणे जोखतात, आणि शेवटच्या दिवशीच्या सभेपर्यंत आपापली मते एकमेकांस सांगत नाहीत. सर्व फेऱ्या एका मुक्कामात घेऊनही मते अलिप्त राखता येतात, फक्त तसा नियम करून तो पाळावा लागतो. त्याच पद्धतीत आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे: पहिल्या दिवशीच्या चाळणीत जे टिकत नाहीत त्यांना त्याच दिवशी परत पाठवितात. जी फेरी उमेदवाराला गाळू शकते ती आधी घ्यावी, हे तत्त्व लांबून येणाऱ्याच्या बाबतीत तर दुप्पट लागू होते, कारण सकाळी नापास झालेल्याला दुपारी वेतनाच्या बोलणीस बसविणे उभयतांना क्लेशदायक असते.

या विचाराने आम्ही जो क्रम लावला तो असा. विभागप्रमुखांची फेरी चारही उमेदवारांची व्हिडिओवर, ११ तारखेस. तिचा निकाल दोन दिवसांत कळविणार, म्हणजे तिकीट काढावयाचे ते फक्त उत्तीर्णांनी. नंतर १९ तारखेस साडेदहा वाजता कर्मशाळेतील दीड तासाचे प्रात्यक्षिक, मग जेवण व पाऊण तासाची विश्रांती, आणि प्रात्यक्षिक समाधानकारक झाल्यास दोन वाजता वेतनाची बोलणी. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाचा हात सकाळी दहाला स्थिर नसतो, म्हणून साडेआठपासून अतिथिगृहाची खोली उघडी ठेवण्यास सांगितले. एका खेपेचे रेल्वेभाडे कारखान्याने द्यावे की नाही यावर पुन्हा मतभेद झाला. माझे म्हणणे असे की फेरी प्रत्यक्ष घेण्याचा आग्रह ज्याचा, भाडे त्याने द्यावे, आणि अखेरीस तसेच ठरले.

उत्तर त्याच सायंकाळी गेले. त्यात तिन्ही फेऱ्यांच्या वेळा, प्रत्येक फेरीत काय पाहिले जाईल याचे एकेक वाक्य, मध्येच जाळे तुटल्यास कोणत्या दूरध्वनी क्रमांकावर संभाषण पुढे चालू ठेवावे ही सूचना, आणि तसे झाल्यास गुण कापले जाणार नाहीत हे आश्वासन होते. शेवटची ओळ आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच घालावयास लावली: बुटीबोरीच्या कारखान्यात आपल्याविषयी कोणतीही चौकशी आपल्या लेखी संमतीवाचून केली जाणार नाही.