तो हेवा नव्हे



मैत्रिणीला दिवस गेल्याची बातमी ऐकून मूल नसलेल्या एखाद्या बहिणीचे डोळे भरून आले, की आपल्याकडे लगेच निकाल लागतो: "हेवा वाटतो तिला." ती बिचारी स्वतःही तेच मानते, आणि हे पापनिवेदनात सांगावे का, असे विचारते. आम्ही धर्मशिक्षक म्हणून स्पष्ट सांगतो की हा निकाल चुकीचा आहे.

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी हेव्याचा विचार करताना एक फरक दाखवून दिला आहे. दुसऱ्याला चांगले मिळाले याचे दुःख वेगळे, आणि ते चांगले आपल्यापाशी नाही याचे दुःख वेगळे. दुसऱ्याच्या भल्याने आपण लहान झालो असे वाटून जे खुपते, तो हेवा. जे नाही त्याची ओढ लागून दुःख होते, तो हेवा नव्हे. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही परिच्छेद २३७४ मध्ये मान्य करतो की मूल न होणाऱ्या जोडप्यांना फार दुःख सोसावे लागते. तिथे अब्राहाम आणि राहेल यांच्या आक्रोशाची आठवण दिली आहे. ज्या दुःखाला ख्रिस्तसभा दुःख म्हणते, त्याला आपण पाप का म्हणावे?

ओळखायचे कसे? स्वतःला एकच प्रश्न विचारावा: "तिचे हे सुख गेले तर मला बरे वाटेल का?" "छे, देवा, असे होऊ नये" असे मनातून आले, तर तो हेवा नाही. मात्र तिचे दोष मोजावेसे वाटू लागले, तिच्याविषयी चार कडू शब्द बोलून बरे वाटू लागले, तर सावध व्हावे. तेव्हा पापनिवेदनाला अवश्य जावे.

आता बोलायचे काय, हा प्रश्न उरतो. समजा, लग्नाला आठ वर्षे झालेली एक बहीण आहे. घरात दर महिन्याला आशा धरायची आणि दर महिन्याला ती मोडायची, हे बाहेर कोणालाच ठाऊक नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या अंगणात कॉयरमधली मैत्रीण तिचा हात धरून सांगते, "अगं, मला तिसरा महिना आहे." तिने तिथे नाचून दाखवायची गरज नाही. आपले सगळे दुःख उघडे करण्याचीही गरज नाही. "देव तुला आणि बाळाला सुखरूप ठेवो. तू मला स्वतः सांगितलंस, बरं वाटलं," एवढे बोलावे. यात एकही शब्द खोटा नाही. मग घरी जाऊन रडावे. मैत्रीण खरोखर जवळची असेल, तर दोन दिवसांनी फोन करून सांगावे, "माझं मन सध्या हळवं आहे. मी कमी भेटले तर राग मानू नकोस, तुझ्यावर माझा काही राग नाही." डोहाळजेवणाला जाणे झेपत नसेल, तर एखादा पदार्थ करून पाठवावा आणि जाऊ नये. कारण न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

आमचा खरा वाद मात्र अंगणातल्या इतरांशी आहे. याच वेळी कोणीतरी मावशी मोठ्याने म्हणते, "आता तुझा नंबर हं!" दुसरी हन्नाची गोष्ट सांगते, की विश्वासाने प्रार्थना कर, देव देईलच. ही गोष्ट अर्धीच वाचलेली असते. शिलोच्या मंदिरात हन्ना कळवळून प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता. ते पाहून याजक एलीने तिला दारू प्यायलेली ठरवले. तिचे ऐकून घेतल्यावरच त्याने शब्द बदलले आणि तिला आशीर्वाद दिला. आपण एलीची पहिली चूक रोज करतो, त्याची दुरुस्ती मात्र करत नाही. शिवाय हन्नाला शमुवेल झाला म्हणून प्रत्येक प्रार्थनेला मूल मिळेल, असे वचन त्या अध्यायात कुठेही नाही. मूल हे देवाचे दान आहे, कोणाचा हक्क नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. मग ज्यांना ते मिळाले नाही, त्यांचा विश्वास कमी पडला असे सुचवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि गर्भवती बहिणींनाही एक विनंती. अशी मैत्रीण असेल, तर बातमी चारचौघांत सांगू नका. आधी एकटीला निरोप पाठवा, म्हणजे तिला सावरायला वेळ मिळेल. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा, असे संत पौल रोमकरांना एकाच दमात सांगतात. आपल्या देवळाच्या अंगणात या दोघी शेजारी शेजारी उभ्या असतात. पुढच्या रविवारी "तुझा नंबर" हे शब्द तोंडावर आले, तर ते तिथेच गिळून टाका.