चेहरा झाका, पण दुसरा चिकटवू नका

 

आपल्या गावातल्या बातम्यांच्या पेजवर आणि ग्रुपवर रोज रस्त्यावरचे फोटो पडतात. टँकरसमोरची रांग, रेशन दुकान, मोर्चा, आठवडी बाजार. फोटोतल्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं, म्हणून चेहरे धूसर करायची पद्धत पडली. आता त्यावर नवा उपाय आलाय. खरा चेहरा काढायचा आणि त्या जागी कॉम्प्युटरने तयार केलेला, जगात कुणाचाच नसलेला चेहरा बसवायचा. ओळख लपते आणि फोटोही स्वच्छ दिसतो. आमच्या धंद्यातल्या काहींना हे फार आवडलंय. माझं मत सरळ आहे: बातमीच्या फोटोत हे करू नये.

आधी धुसर करण्याबद्दल, कारण तेही वाटतं तितकं सुरक्षित नाही.

हिशेब बघा. साध्या मोबाईलचा १२ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके. दहा मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा त्यात रुंदीला साधारण ४५ ठिपके येतो. त्यावर चार-चार ठिपक्यांचे चौकोन पाडले तर अकरा बाय अकरा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास चौकोन उरतात. आपल्या डोळ्यांना चेहरा गेल्यासारखा वाटतो, पण कपाळ, डोळ्यांची जागा, दाढी, रंग यांचा अंदाज त्यात शिल्लक असतो. तेच चौकोन पंधरा ठिपक्यांचे केले की जेमतेम नऊ उरतात.

२०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल टेक आणि टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की अशा चौकोनी किंवा धूसर चेहऱ्यांवरून कॉम्प्युटरला माणूस ओळखायला शिकवता येतं. तो चेहरा पुन्हा स्पष्ट करत नाही. ठरावीक माणसांच्या यादीतून ‘हा त्यातला कोण’ एवढंच सांगतो. आता विचार करा, मोर्चात कोण होतं हे शोधणाऱ्याकडे गावातली यादी केवढी असणार? तीस-चाळीस नावांची. एवढी यादी अशा कामाला सोयीचीच.

त्याआधी २००७ मध्ये इंटरपोलने एका फरार गुन्हेगाराचा फोटो जाहीर केला होता. त्याने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांनी तो उलटा फिरवून सरळ केला, कारण ठिपके फक्त जागेवरून हलले होते, पुसले गेले नव्हते. तिथे गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं. पण झाकलेलं दिसणं आणि पुसलेलं असणं यात फरक आहे, हे त्यावरून कळतं.

आता नव्या पद्धतीकडे येऊ. नॉर्वेच्या एनटीएनयू विद्यापीठात २०१९ साली ‘डीपप्रायव्हसी’ नावाची प्रणाली तयार झाली. ती आधी फोटोतला चेहरा शोधते आणि तो भाग पूर्ण पुसते. मग डोळे, कान, नाक, खांदे कुठे होते एवढे सात बिंदू आणि आजूबाजूचं चित्र घेऊन नवा चेहरा भरते. खरा चेहरा नवा काढणाऱ्या भागापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे उलट फिरवायला काही उरत नाही. ओळख लपवायच्या बाबतीत हे हलक्या धुसरपणापेक्षा पक्कं काम आहे, हे मान्य करायला हवं.

याचा योग्य उपयोगही आहे. रस्त्यावर आपोआप चालणाऱ्या गाड्यांना माणूस ओळखायला शिकवायचं तर लाखो फोटो लागतात. त्यात सगळ्यांच्या खांद्यावर धुकं असेल तर यंत्र चुकीचं शिकण्याची भीती असते. तिथे बनावट चेहरा चालतो, कारण तो फोटो पुरावा म्हणून कुणी वाचत नाही.

बातमीचा फोटो मात्र तसाच वाचला जातो. समजा, टँकरच्या रांगेतल्या बारा बायकांचा फोटो आहे आणि आपण तो या पद्धतीने बदलला. प्रणालीला डोळे-नाक कुठे आहेत ते माहीत आहे, कपाळावरची आठी माहीत नाही. दोन तास उन्हात थांबलेल्या बाईच्या जागी एखादी हसरी, दहा वर्षांनी लहान बाई येऊ शकते. पदर तोच, हंडा तोच, चेहरा मात्र मनाने भरलेला. उद्या पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणतील, ‘बघा, लोक तर खुशीत दिसताहेत.’ आपण काय उत्तर देणार?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. चेहरे शोधणारं यंत्र सगळे चेहरे पकडत नाही. बाजूला वळलेला, पदराआडचा, लांबचा सुटतो. गूगलने स्ट्रीट व्ह्यूसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांच्याच अभियंत्यांनी २००९ साली जो आकडा दिला तो ८९ टक्क्यांच्या आसपासचा होता. म्हणजे शंभरात दहा-अकरा चेहरे उघडे. आता यंत्रं सुधारलीत, पण सुटतात अजूनही. (२०२२ मध्ये हीच सेवा भारतात आली तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होतं, तेव्हा हा परका विषय समजू नका.) धूसर फोटोत एखादा चेहरा सुटला तर पाहताक्षणी कळतं आणि दुरुस्त करता येतं. बनावट चेहऱ्यांच्या फोटोत बारापैकी कुठली बाई खरी राहिली, हे बघून कळतच नाही. या पद्धतीचे समर्थक म्हणतात, ‘तेच तर चांगलं, खरा चेहरा खोट्यांत लपतो.’ अनोळखी महानगरात लपेलही. आपल्या गावात तिचा दीर तिला लगेच ओळखेल.

आणि तो ‘कुणाचाच नसलेला’ चेहरा शेजारच्या वाडीतल्या कुणासारखा निघाला तर? दगडफेकीच्या फोटोत नसलेल्या पोराचा चेहरा लोकांना दिसला, तर त्याने जाऊन कुणाला पटवायचं?

या पद्धतीच्या जवळ जाणारं एक काम मला पटतं. ‘वेलकम टू चेचन्या’ या २०२० च्या माहितीपटात जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी लोकांवर दुसरे चेहरे चढवले होते. पण ते चेहरे संमती दिलेल्या स्वयंसेवकांचे होते, हावभाव मूळ माणसांचेच राखले होते, कडा मुद्दाम किंचित पुसट ठेवल्या होत्या आणि प्रेक्षकांना आधीच सांगितलं होतं. एवढी मेहनत रोजच्या बातमीत कुणी करणार नाही.

धूसर चेहऱ्यावर एक आक्षेप खरा आहे. आपल्याकडे चेहरा झाकला की माणूस आरोपी वाटतो, कारण बुरखा घातलेले आरोपी आपण रोज बघतो. त्यावर उपाय म्हणजे फोटोखाली एक ओळ लिहा: ‘खाजगीपणासाठी चेहरे झाकले आहेत.’ त्याहून बरं, पाठीमागून फोटो घ्या. हंड्यांची रांग आणि हात पुरेसं बोलतात.

म्हणून पेज चालवणाऱ्या मित्रांना सांगणं आहे. झाकायचंच असेल तर चेहऱ्यावर एकाच रंगाचा भरीव चौकोन टाका, आरपार दिसणारा मार्कर नको. बदललेला फोटो नवी फाईल म्हणून साठवा आणि तीच पाठवा, मूळ फोटो ग्रुपवर टाकू नका. पाठवण्याआधी कडेचे चेहरे, गाडीचा नंबर, दुकानाची पाटी बघा. आपल्याकडे माणूस टोपीवरून, चालीवरून, गाडीवरूनही ओळखला जातो. तिथे धूसर चेहराही कामाचा नाही आणि बनावट चेहराही नाही. अशा वेळी तो फोटो न छापणं हाच उपाय.