मंडपेश्वरच्या फलकावर काय लिहायचे?

दहिसर आणि बोरिवलीच्या हद्दीवर, पश्चिमेला, मंडपेश्वरची शैव लेणी आहे. बहुतेक अभ्यासक ती सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन संन्याशांनी तिथे चर्च केले आणि वर इमारत बांधली. तिच्या भिंती आजही उभ्या आहेत. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. आता लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, पूजाही चालते आणि महाशिवरात्रीला रांग लागते. कान्हेरीला गर्दी करणारी मुंबई इथे फारशी फिरकत नाही. त्यामुळे इंटरप्रिटेशनचा आराखडा करू पाहणाऱ्याला सरावासाठी याहून चांगली जागा उपनगरात सापडणे कठीण.

पहिली अडचण विषयसूत्राची. आराखड्यांत बहुतेक वेळा ‘मंडपेश्वर लेणीचा इतिहास’ असे काहीतरी लिहिलेले असते. हे प्रकरणाचे शीर्षक झाले, सूत्र नव्हे. सूत्र म्हणजे पूर्ण वाक्य, ज्यात काहीतरी म्हटलेले आहे. उदाहरणार्थ: ‘एकाच कातळात हजार वर्षांच्या अंतराने दोन धर्मांच्या माणसांनी आपापले देवस्थान केले आणि त्या दोघांच्या खुणा आजही दिसतात.’ हे वाक्य लिहिले की गाळणी आपोआप तयार होते. नटराजाचे शिल्प आणि कातळात कोरलेला क्रॉस राहतात, वरची भिंत राहते. राजवंशांची यादी आणि खांबांचे प्रकार बाहेर पडतात. अभ्यासकांना ते खटकेल, पण त्यांच्यासाठी पुस्तिका काढता येते.

आता क्रॉसजवळचा फलक. मजकूर असा असू शकतो: ‘समोरचा क्रॉस आणि आतला नटराज एकाच टेकडीच्या दगडात कोरलेले आहेत. दोहोंमध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. सोळाव्या शतकात या लेणीचे चर्च झाले. आज आत पुन्हा शिवाची पूजा होते. दोन्ही खुणा शोधून पाहा.’ तीस-पस्तीस शब्द. इथे लेखकाची खरी कसोटी क्रियापदात आहे. ‘रूपांतर झाले’ एवढेच म्हटले तर झाकपाक वाटते. ‘विटंबना केली’ म्हटले तर फलक खटला चालवू लागतो. शिल्पांची मोडतोड कोणी, केव्हा केली याचा पुरावा हाताशी नसेल तर कर्ता लिहू नये. पण लेणीचे चर्च झाले, हे दडवूही नये. आजूबाजूला ख्रिस्ती वस्ती आहे आणि दर्शनाला येणारे हिंदू भाविकही आहेत. दोघांनाही फलक आपल्याला उद्देशून शिवी वाटता कामा नये.

फलक कातळाला ठोकायचा नाही, मोकळ्या स्टँडवर ठेवायचा, तोही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा भरल्या की अक्षर बारीक होते आणि देवनागरीच्या वेलांट्या, उकार एकमेकांत अडकतात. त्यापेक्षा फलकावर मराठी आणि इंग्रजी ठेवून बाकीच्या भाषा ध्वनिफितीत न्याव्यात.

स्थानिक भाविक पाच मिनिटांसाठी येतो. गाभाऱ्यापाशी त्याला फलक नकोच. बाहेर पडताना दिसेल अशा जागी एक पुरे. पर्यटकाला अनुक्रम लागतो: आधी नटराज, मग क्रॉस, मग वरचे अवशेष. ध्वनिफीत त्याच्यासाठी, पण स्वतःच्या फोनवर आणि इअरफोनने. लेणीत आवाज घुमतो आणि शेजारी कोणी जप करत असतो, त्यामुळे लाउडस्पीकर नको. दीड मिनिटाच्या फितीत दीडशे शब्द मावतात. त्यातले पहिले वाक्य ‘नटराजाकडे तोंड करून उभे राहा’ असे असावे, मग क्षणभर थांबावे. फलक वाचून दाखवणारी फीत वाया जाते.

मुलांचे वेगळे. इंटरप्रिटेशनवर लिहिणाऱ्या फ्रीमन टिल्डेन यांनी १९५७ मध्येच लिहून ठेवले आहे की मुलांसाठीचा मजकूर म्हणजे मोठ्यांच्या मजकुराचा पातळ अवतार नव्हे. त्याची मांडणीच निराळी हवी. मंडपेश्वरला मुलांना शोधायला सांगावे: नाचणाऱ्या शिवाचे कोणते हात तुटले आहेत? कोणत्या भिंती छिन्नीने कोरल्या आणि कोणत्या दगड रचून बांधल्या? दुसऱ्या प्रश्नात सोळावे शतक आपोआप येते, सनावळी न सांगता.

हे सगळे कायम करण्याआधी ए-थ्री कागदावर छापून एखाद्या रविवारी स्टँडवर लावावे आणि बाहेर पडणाऱ्यांना एकच विचारावे: घरी गेल्यावर काय सांगाल? ‘जुनी लेणी आहे’ असे उत्तर आले तर मजकूर फसला. क्रॉस आणि नटराज एकाच वाक्यात आले तर पुढे धातूच्या पत्र्यावर छपाईचा खर्च करायला हरकत नाही.