पंधरा मिनिटांचा पासवर्ड

पोरानं गेममध्ये पैसे उडवले आणि आईबापांनी ॲप स्टोअरकडे ते परत मागितले, की लोक लगेच म्हणतात, "मोबाईल हातात दिलाच कशाला?" मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेत एका मुलीने ‘टॅप पेट हॉटेल’ या गेममध्ये २६०० डॉलर खर्च केले. तिच्या आईसारख्या हजारो पालकांनी ॲपलकडे तक्रारी केल्या. भानगड अशी, की पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं स्टोअर तो पुन्हा विचारायचंच नाही, आणि हे पालकांना सांगितलेलंही नसायचं.

आपण प्रोग्रामर लोक याला ‘सोय’ म्हणतो. पण पासवर्ड टाकणारा आणि नंतर बटणं दाबणारा एकच माणूस आहे, हे गृहीत कुणी धरलं? २०१४ साली ॲपलने सरकारशी तडजोड केली. किमान ३.२५ कोटी डॉलर परत द्यायचे आणि खरेदीला स्पष्ट संमती घ्यायची, असं ठरलं.

म्हणून तक्रारीत "मूल लहान आहे हो" एवढंच लिहू नका. ऑर्डर नंबर आणि प्रत्येक खरेदीची वेळ लिहा. काही मिनिटांत वीस खरेद्या झाल्या असतील, तर तो आकडाच तुमच्या बाजूने बोलतो. अर्थात पोराला पासवर्ड पाठ असेल, तर हा मुद्दा लंगडा पडतो.

असो. आज सेटिंगमध्ये जाऊन दर खरेदीला पासवर्ड मागायला लावा!